कार्डाच्या मागच्या बाजूला काय लिहिलंय?

बसा बसा, मागं जागा आहे. आपल्यातले बरेच जण आत्ताच टॉवेलच्या प्रदर्शनातून परत आलेत, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. खिशात साठेक व्हिजिटिंग कार्डं आहेत ना? त्यातल्या किती कार्डांच्या मागं तुम्ही काही लिहिलंय?

माझीच गोष्ट सांगतो. पहिल्या वर्षी मी सोलापुरात आलो आणि सगळ्यांना एकच मेसेज टाकला, आपल्याला भेटून आनंद झाला, सोबत कॅटलॉग जोडलाय. एकाचंही उत्तर नाही, आणि येणार कुठून, त्या माणसानं दिवसभरात पन्नास स्टॉल बघितलेत, त्याला मी कोण ते आठवायला तरी पाहिजे की नाही!

पुढच्या वर्षी गोव्याच्या एका हॉटेलचे परचेसवाले स्टॉलवर आले. पाचशे जीएसएमचा टॉवेल हातात घेऊन म्हणाले, छान आहे हो, पण इतका जाड वाळत नाही लवकर, ड्रायरचं बिल वाढतं, आणि आत्ताच्या सप्लायरच्या मालाच्या कडा धुवून धुवून उसवतायत. ते वळले आणि मी तिथंच कार्डामागं लिहिलं, ‘३० बाय ६०, पांढरा, ड्रायर, कडा’. बास, चार शब्द.

दोन दिवसांनी मेसेज केला: ‘सर, सोलापूरच्या स्टॉलवर तुम्ही ड्रायरचं आणि उसवणाऱ्या कडांचं बोलला होता. त्यासाठी ४५० जीएसएमचा सुचवतो, नगाला साधारण ५२० ग्रॅम, म्हणजे ५०० जीएसएमपेक्षा जवळपास साठ ग्रॅम हलका. कडेला डबल शिलाई देतो. दोन नग पाठवू का? तुमच्याच लाँड्रीत वीस वेळा धुवा, आधी आणि नंतर वजन आणि माप घ्या. कुठल्या पत्त्यावर पाठवू?’

बघा, यात रेट नाही. आपल्याकडं किलोवर बोलायची सवय, आणि रेट आधी गेला की तो माणूस तोच आकडा घेऊन दुसऱ्याकडं जातो. मी फक्त पत्ता मागितला, ज्याचं उत्तर द्यायला त्याला वरच्या साहेबांना विचारायला लागत नाही. आणि वीस धुण्यांचं का, तर माप किती आटलं, लूप किती झडून वजन कमी झालं आणि कड टिकली का हे त्यालाच दिसतं, मी सांगून काय उपयोग.

पत्ता त्याच संध्याकाळी आला. पार्सल गेल्यावर कुरिअरचा नंबर टाकला, तेव्हाच विचारलं की वीस धुणी कधीपर्यंत होतील, ते म्हणाले तीन आठवडे, तर तीन आठवड्यांनीच फोन केला, मधे नाही. एका टॉवेलची कड थोडी सुटली होती, त्यांनी फोटो पाठवला, मी शिलाईचा टाका बारीक करून दुसरा नग पाठवला आणि मग कुठं रेटचं बोलणं सुरू झालं.

आता तुमची ती साठ कार्डं काढा. ज्यांच्यामागं काही लिहिलेलं नाही, ती बाजूला ठेवा आणि त्या गिऱ्हाइकाशी काय बोलणं झालं ते स्टॉलवर बसलेल्या पोराला आजच विचारा, परवा त्यालाही आठवणार नाही.