गोटीखालचा दाब

(दृश्य : दुपार. सिद्धेश्वर तलावाकाठचा रस्ता, सोड्याची हातगाडी, ओल्या गोणपाटाखाली बाटल्या.)

सोलापूर, मे महिना. पारा त्रेचाळीसवर गेलाय. गाडीवरच्या पोराने लाकडी टोपण बाटलीच्या तोंडावर ठेवून तळहाताचा एक दणका दिला. गोटी खाली गेली आणि हा आवाज आला.

(आवाज राहू द्यावा.)

ही बाटली हिरम कॉड या इंग्रज माणसाची. 1872 चं पेटंट. हिला झाकण नाही, बूच नाही. गळ्यात रबराची एक कडी आहे आणि तिच्यावर आतून दाबली गेलेली काचेची गोटी. दाबतो कोण? आतलाच गॅस. गॅसचा दाब असेतोवर बाटली बंद, तो गेला की उघडी. बाटली आपल्या पोटातल्या मालानेच बंद राहते, ही कल्पना दीडशे वर्षांनंतरही मला फार हुशारीची वाटते.

(दृश्य : कारखाना. लोखंडी पिंजऱ्यात बाटल्या, हाताने फिरणारं चाक.)

कारखाना म्हणजे दोन खोल्या. मालकांना सगळे मामा म्हणतात. बाटल्यांत गार पाणी भरलं जातं, वर बोटभर जागा मोकळी ठेवली जाते. मग सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड येतो आणि चाक फिरायला लागतं. बाटल्या उलट्यासुलट्या होतात, पाणी आत घुसळतं. गॅस पाण्यात जातो तो पाण्याच्या पृष्ठभागातून, आणि घुसळल्याने तो पृष्ठभाग वाढतो. जे काम नुसत्या उभ्या बाटलीत तासन् तास रेंगाळलं असतं, ते चाकाच्या काही फेऱ्यांत उरकतं. शेवटी बाटली उलटी असताना गोटी गळ्यात उतरते आणि गॅस तिला तिथेच दाबून धरतो.

पण गॅस किती जाणार? याचा नियम विल्यम हेन्री यांनी 1803 साली मांडला. पाण्याच्या वर त्या वायूचा जेवढा दाब, त्या प्रमाणात तो वायू पाण्यात विरघळतो. दाब दुप्पट, तर विरघळलेला गॅस दुप्पट. 10 अंशाच्या एक लिटर पाण्यात एका वातावरणाच्या दाबाला साधारण 2.35 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मावतो.

नियमातले ‘त्या वायूचा’ हे दोन शब्द महत्त्वाचे. आता मामांचा हात बघा.

(दृश्य : मामा झडप उघडतात, बंद करतात. फुस्स. पुन्हा उघडतात.)

पहिला गॅस त्यांनी सोडून दिला. नवख्याला वाटेल, वाया घालवला. आम्हीही विचारलं.

“हवा काढावी लागती ओ. हवा राहिली की काटा चढतो, सोडा चढत नाही.”

मामांनी सांगितलं ते कागदावर मांडू. 200 मिलिलिटर पाणी, तापमान 10 अंश, काट्यावर दीड. काटा बाहेरच्या हवेच्या वरचा दाब दाखवतो, म्हणून आत एकूण दाब अडीच वातावरण. हवा काढलेली असेल तर हा जवळजवळ सगळा दाब कार्बन डायऑक्साइडचा. मग पाण्यात 1.18 ग्रॅम गॅस. आता हवा आतच राहिली असं धरा. त्या अडीचातला एक वाटा हवेचा, कार्बन डायऑक्साइडचा उरला दीड. पाण्यात गॅस फक्त 0.7 ग्रॅम. काटा मात्र दोन्ही बाटल्यांवर दीडच! अशी बाटली उघडताना आवाज दणदणीत येतो, कारण हवा पाण्यात जेमतेम विरघळते, ती वरच बसून असते. ती निघून गेली की ग्लासात दोनचार बुडबुडे आणि मिळमिळीत पाणी. आवाजावरून सोडा ओळखणारे इथे फसतात.

एकूण दाबातला एकेका वायूचा हा जो स्वतःचा वाटा, त्याला आंशिक दाब म्हणतात. पाणी ओळखतं ते तेवढ्यालाच.

(दृश्य : महाविद्यालयाची प्रयोगशाळा. जाड काचेची बाटली, तोंडावर दाबमापक, गरम पाण्याचं भांडं.)

गोटीच्या बाटलीला काटा लावता येत नाही, म्हणून पुढचं चित्रीकरण प्रयोगशाळेत, जाळीच्या मागून. बाटली तशीच : 200 मिलिलिटर सोडा, वर 20 मिलिलिटर जागा, 10 अंश, काटा दीडवर. प्रश्न गाडीवरच्या गिऱ्हाइकाचा आहे. उन्हात ठेवलेल्या बाटलीतला गॅस उडून जातो का?

बाटली 43 अंशाच्या पाण्यात ठेवली. या तापमानाला पाणी फार कंजूष होतं. लिटरमागे, एका वातावरणाला, जेमतेम एक ग्रॅम गॅस धरतं, म्हणजे गार पाण्याच्या निम्म्याहून कमी. मग निम्मा गॅस पाण्याबाहेर पडायला हवा. पण तो जाणार कुठे? वर जागा आहे 20 मिलिलिटर. थोडासा गॅस वर आला तरी तिथला दाब झपाट्याने वाढतो, आणि वाढलेला दाब उरलेल्या गॅसला पाण्यातच कोंडून धरतो.

काटा बघा. दोन. तीन. साडेतीनला रेंगाळला.

इथे प्राध्यापिकाबाईंनी फडक्यात गुंडाळून बाटली हलवली, आणि काटा साडेचारच्या आसपास जाऊन थांबला. हलवल्याने दाब ‘तयार’ होत नाही. स्थिर पाण्यात जादा गॅस अडकून राहिला होता, त्याला वाट मिळाली इतकंच. समतोल झाल्यावर कितीही हलवा, काटा हलत नाही.

हिशोब असा. बाटलीत मिळून 1.27 ग्रॅम गॅस. गार असताना त्यातला 1.18 पाण्यात, बाकी वर. 43 अंशाला कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब अडीचवरून साडेपाचाजवळ जातो, आणि तरी पाण्यात 1.09 ग्रॅम गॅस असतोच. पाण्यातून निघाला तो जेमतेम 0.09 ग्रॅम. चिमूटभर मिठाचंही वजन याहून जास्त भरेल. वरची जागा मोठी असती, समजा बाटली अर्धीच भरली असती, तर गोष्ट वेगळी. मग बराच गॅस वर गेला असता आणि दाब एवढा चढला नसता. साखर घातलेल्या पेयात सगळेच आकडे थोडे खाली येतात, कारण साखरेच्या पाण्यात गॅस कमी मावतो.

मामांना हे दाखवलं तेव्हा ते हसले.

“जाईल कुठं? आतच हाय की. गोटी बसलीय न्हवं.”

(दृश्य : कारखान्याची मागची बाजू, फुटलेल्या काचांची टोपली.)

जुनी, चरे पडलेली काच हा वाढलेला दाब झेलत नाही, बाटल्या फुटतात, म्हणून गोणपाट. नव्या बाटल्या महाग झाल्यात आणि असे कारखाने आता मोजकेच उरलेत.

(दृश्य : संध्याकाळ. गाडी. बर्फाच्या पेटीतून काढलेली बाटली आणि गाडीवरची तापलेली बाटली, शेजारी शेजारी.)

दोन्हींत गॅस सारखाच भरलाय. आधी तापलेली उघडू. गोटी खाली गेली त्या क्षणी साडेपाचाचा दाब नाहीसा झाला आणि 43 अंशाच्या पाण्याला तेवढा गॅस धरवेना. अर्धी बाटली फेसाबरोबर पोराच्या हातावर, रस्त्यावर.

आता गार.

(आवाज राहू द्यावा. निवेदन नाही.)