प्रश्न कुणाचा, वही कुणाची

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळी सरत आली की आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात, करवीर आणि कागलपासून हातकणंगले, शिरोळपर्यंत, उसाच्या फडांच्या आसपास ताडपत्रीच्या आणि पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात आणि बीडसारख्या दूरच्या जिल्ह्यांतून आलेल्या ऊसतोड टोळ्या गाळप हंगाम संपेपर्यंत तेथे राहतात. या टोळ्यांकडे माझ्यासारखे अभ्यासकही दर हंगामाला जातात, प्रश्नावल्या भरून घेतात आणि परत येतात. आजच्या भाषणात मी ज्याला सहभागी संशोधन म्हणतात त्याविषयी बोलणार आहे. ज्यांच्याविषयी अभ्यास करायचा त्यांच्यातल्याच काही जणांना सहसंशोधक म्हणून बरोबर घ्यायचे, प्रश्न ठरवण्यापासून निष्कर्ष काढण्यापर्यंत त्यांचा वाटा ठेवायचा, अशी ही पद्धत आहे. ती नवी नाही. कोलंबियाचे समाजशास्त्रज्ञ ऑर्लांदो फाल्स बोर्दा यांच्या पुढाकाराने १९७७ साली कार्ताहेना येथे या विचाराच्या अभ्यासकांची परिषद भरली होती. आणि आपल्याकडे पालघर भागातील आदिवासींच्या भूमिसेना या संघटनेवरचा, याच विचाराच्या परंपरेत गणला जाणारा अभ्यास १९७९ साली प्रसिद्ध झाला. तेथील आदिवासी आपापल्या शिबिरांत बसून स्वतःच्या परिस्थितीचे विश्लेषण स्वतः करत होते, हीच गोष्ट त्या अभ्यासकांना सर्वांत मोलाची वाटली होती. इतिहास एवढाच पुरे. मला सांगायचे आहे ते एका हंगामात मी स्वतः केलेल्या छोट्या कामाविषयी.

आमचा विषय होता ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांचे आजारपण आणि मजुरी. आम्ही दोघी अभ्यासक होतो आणि दोन टोळ्यांतल्या सहा स्त्रिया सहसंशोधक म्हणून आमच्याबरोबर काम करायला तयार झाल्या. पहिल्या बैठकीला मी तयार प्रश्नावली घेऊन गेले होते, आणि खरे सांगायचे तर तिच्यावर त्यांनी मान डोलवावी एवढीच माझी अपेक्षा होती. तिच्यातला तिसरा की चौथा प्रश्न होता, ‘तुमची स्वतःची मजुरी किती?’ तो वाचताच एक जण म्हणाली, “आमची मजुरी वेगळी कुठं असते, ताई? ती कोयत्याची असते.”

ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. ऊसतोडीत ‘कोयता’ म्हणजे केवळ हत्यार नव्हे. नवरा आणि बायको मिळून एक कोयता होतो आणि एकटा माणूस असेल तर त्याला अर्धा कोयता म्हणतात. हंगामाआधी मुकादम जी आगाऊ रक्कम देतो तिला उचल म्हणतात. ती कोयत्यावर दिली जाते, टनामागे ठरलेल्या तोडणीच्या दराने कोयत्याकडून फिटते आणि तिचा हिशेब बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर असतो. त्यामुळे माझ्या प्रश्नाला खरे उत्तरच नव्हते. कुणी शून्य सांगितले असते, कुणी नवऱ्याच्या हिशेबाचा अर्धा आकडा सांगितला असता, आणि मी ती दोन्ही उत्तरे एकाच रकान्यात भरून त्यांची सरासरी काढली असती. अशी चूक आकडेवारीतून उघडी पडत नाही, कारण कागदावर आकडा असतो आणि तो बराही दिसतो. ती दिसायची तर प्रश्न विचारण्याआधीच कुणीतरी तो अडवावा लागतो, आणि अडवण्याचा अधिकार त्या माणसाला खरोखर असावा लागतो.

दुसरा अडथळा संमतिपत्राचा होता. संशोधनाच्या नीतिनियमांप्रमाणे प्रत्येक मुलाखतीआधी माहिती देऊन संमती घ्यायची असते आणि आमच्याकडे त्याचा छापील कागद होता. सही येत नसेल तर अंगठा, असे त्यावर लिहिलेले होते. सहाही जणी त्या कागदाकडे बघून गप्प झाल्या. उचल घेतानाही कागदावर अंगठा घेतला जातो आणि त्या अंगठ्याचा अर्थ त्यांना चांगला कळतो. जो कागद आम्ही त्यांच्या संरक्षणासाठी म्हणून पुढे केला होता, तो त्यांना आणखी एका देण्यासारखा दिसत होता. शेवटी आम्ही नीतिसमितीकडून बदल मंजूर करून घेतला: संमती तोंडी, एका साक्षीदार स्त्रीसमोर, आणि नाव कुठेही न लिहिता. यात पंधरा दिवस गेले, आणि हंगामाच्या कामात पंधरा दिवस म्हणजे पुष्कळ असतात.

मग पैशांचा प्रश्न आला. सहसंशोधक म्हणून काम करणाऱ्या स्त्रीला तिच्या दिवसाचा मोबदला द्यायलाच हवा, हे मला मान्य होते आणि मी एका माणसाच्या मजुरीचा हिशेब धरला होता. तोही चुकला. फडात एक जण तोडतो, दुसरा उसाच्या मोळ्या बांधतो आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहतो. बाई आमच्याबरोबर बसली की नवऱ्याचा हातही निम्मा अडतो, आणि शिवाय मुकादम खाडा लावतो. खाडा म्हणजे गैरहजेरी आणि त्या गैरहजेरीपोटी उचलीच्या हिशेबात चढवली जाणारी रक्कम. म्हणजे मी एका दिवसाची मजुरी देऊन तिला बोलावले असते तर माझ्या संशोधनामुळे तिचे कर्ज वाढले असते. त्यानंतर आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. बैठका शक्यतो कारखाना बंद असेल किंवा गाडी लागलेली नसेल अशा दिवशी घ्यायच्या. आणि तसे जमले नाही तर मोबदला अख्ख्या कोयत्याचा, खाड्यासकट द्यायचा. ज्या संस्थेकडून निधी आला होता तिच्या लेखा विभागाला हे समजावताना माझी दमछाक झाली. त्यांच्या तक्त्यात ‘माहितीदारास मानधन’ असा रकाना होता, ‘सहसंशोधक’ असा नव्हता. पैसे बँक खात्यातच जायला हवे होते आणि सहापैकी चौघींचे स्वतःचे खाते चालू नव्हते. नवऱ्याच्या खात्यात पैसे टाकणे सोपे होते, पण ते आम्ही केले नाही. जवळच्या गावातल्या बँक मित्राकडे चार फेऱ्या मारून खाती चालू केली.

मुलाखतींच्या काळात सहसंशोधकांनी मला जे शिकवले ते जागेविषयी होते. कोपीसमोर, संध्याकाळी, खुर्ची टाकून मुलाखत घेतली तर मुकादम किंवा त्याचा माणूस पाच मिनिटांत तेथे येऊन उभा राहतो आणि त्यानंतरची सगळी उत्तरे ‘बरं चाललंय’ या एकाच वळणाची येतात. पाणी आणायला जाताना, सरपण गोळा करताना मात्र बायका बोलतात. पण एक धोका माझ्या लक्षात उशिरा आला. माझा प्रश्न मुकादमाला खटकला तर मी संध्याकाळी गाडीत बसून कोल्हापूरला परतणार. सहसंशोधक बाई मात्र त्याच टोळीत, त्याच्याच उचलीखाली राहणार. सहभागी संशोधनात अधिकार वाटला जातो असे आपण म्हणतो, तेव्हा जोखीमही वाटली जाते आणि ती समान वाटली जात नाही, हे क्वचितच बोलले जाते. म्हणून आम्ही टोळ्यांची अदलाबदल केली: पहिल्या टोळीतल्या तिघींनी दुसऱ्या टोळीत मुलाखती घ्यायच्या आणि दुसरीतल्या तिघींनी पहिलीत. मुकादमाला विषय सांगताना आरोग्याचे नाव पुढे ठेवायचे, हेही त्यांनीच ठरवले.

येथे एक बिघाडही झाला. एका सहसंशोधकाने आणलेल्या सलग पाच मुलाखतींमध्ये आजारपणाचे वर्णन जवळजवळ त्याच शब्दांत होते. अनुभव सारखे असू शकतात, पण वाक्ये इतकी सारखी नसतात. आम्ही त्यांतल्या दोघींशी दुसऱ्या सहसंशोधकाकडून पुन्हा बोलणे केले, तेव्हा कळले की पहिली बाई प्रश्न विचारण्याऐवजी स्वतःचा अनुभव सांगत होती आणि समोरची ‘हो, तसंच’ म्हणत होती. यात लबाडी नव्हती. तिला प्रथमच कुणीतरी वही दिली होती आणि ती वहीत स्वतःचेच लिहीत होती. त्या पाच मुलाखती आम्ही विश्लेषणातून काढल्या आणि तिचा स्वतःचा अनुभव, तिच्या परवानगीने, वेगळी मुलाखत म्हणून घेतला. आणखी एक गोष्ट: सहा जणींत जी इतरांपेक्षा थोडी अधिक लिहायला-वाचायला शिकलेली होती तिचा शब्द हळूहळू जड होऊ लागला, इतका की टोळीतल्या इतर बायका तिच्याकडे आमची माणूस म्हणून बघू लागल्या. आपण सत्ता खाली उतरवतो असे मानतो, पण ती खाली गेल्यावर सगळीकडे सारखी पसरतेच असे नाही.

या पद्धतीचा कस विश्लेषणाच्या वेळी लागतो असे माझे मत आहे, कारण पुष्कळ ठिकाणी माहिती गोळा करेपर्यंत सहसंशोधक बरोबर असतात आणि मग वह्या शहरात जातात. आम्ही मुलाखतींतल्या गोष्टी चिठ्ठ्यांवर चित्रांच्या खुणांसह उतरवल्या, त्या मोठ्याने वाचल्या आणि सतरंजीवर गठ्ठे करायला सांगितले. ताप असताना तोडीला जाणे, पाळीच्या त्रासात मोळ्या वाहणे, बाळंतपणानंतर लवकर कामावर येणे, या चिठ्ठ्या मी माझ्या वहीत ‘आरोग्य’ या मथळ्याखाली आधीच घातल्या होत्या. त्यांनी त्या उचलून उचलीच्या गठ्ठ्यात ठेवल्या. मी विचारले तेव्हा एक जण म्हणाली, “अंगात ताप असला तरी जावं लागतं, ते ताप कमी असतो म्हणून नाही. खाडा पडला की उचल फिटत नाही, आणि उचल फिटली नाही की पुढच्या साली त्याच मुकादमाकडं यावं लागतं.”

त्या गठ्ठ्याने आमचा अहवाल बदलला. मी जो अहवाल लिहिणार होते त्यात फिरता दवाखाना, रक्ततपासणी, लोहाच्या गोळ्या अशा शिफारशी आल्या असत्या. त्या चुकीच्या नव्हत्या, पण कोपीपर्यंत दवाखाना आला तरी विश्रांतीचा दिवस खाड्यात मोजला जाणार असेल तर बाई दुसऱ्या दिवशी फडात जाणारच. नव्या अहवालात पहिली मागणी आजारपणाच्या दिवसाचा खाडा बंद करण्याची आली, आणि दवाखाना दुसऱ्या क्रमांकावर गेला. माझ्या एका सहकाऱ्याने विचारले की ही मांडणी सहा बायकांची आहे, ती सगळ्या ऊसतोड स्त्रियांची कशी मानायची? प्रश्न योग्य होता. ती तशी मानता येत नाही आणि आम्ही तसे लिहिलेही नाही. दोन टोळ्यांच्या अभ्यासातून प्रमाण सांगता येत नाही. एखादी गोष्ट कशी घडते, कोणत्या साखळीने घडते, ते सांगता येते. प्रमाण हवे असेल तर मोठी पाहणी करावी लागेल, पण आता तिच्यात खाड्याचा प्रश्न असेल आणि मजुरी कोयत्यावर विचारलेली असेल.

शेवटच्या बैठकीत मसुदा वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी एक परिच्छेद काढायला सांगितला. त्यात बायकांच्या हातात राहणाऱ्या एका छोट्याशा गोष्टीविषयी लिहिले होते, आणि ती छापली गेली तर ती हातात राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अभ्यासक म्हणून तो परिच्छेद मला सर्वांत आवडला होता. मी दोन दिवस मागितले, मग तो काढला. त्यात काय होते हे मी येथेही सांगत नाही. मार्चअखेर टोळ्या गावाकडे निघाल्या, तेव्हा वह्यांच्या छायाप्रती त्यांनी आपल्याबरोबर नेल्या, आणि मूळ वह्या कुणाला दाखवायच्या असतील तर आधी फोन करून विचारायचे असे ठरले. तसे दोन वेळा विचारले. एकदा त्यांनी होकार दिला, एकदा नकार.

नमस्कार.