राष्ट्रातला र कुठे बसतो?

नमस्कार, श्रोतेहो. जवळ पेन्सिल असेल तर घ्या, नसेल तर बोटाने हवेत अक्षरं काढली तरी चालेल. आज आपण तीन व्यंजनांच्या जोडाक्षरांबद्दल बोलणार आहोत. राष्ट्र, शास्त्र, मंत्र, स्त्री हे रोजचेच शब्द, पण त्यातल्या अक्षरांचा क्रम लिहिताना हमखास उलटापालटा होतो. सगळ्यात जास्त त्रास होतो तो र चा.

राष्ट्र हा शब्द घ्या. रा बाजूला ठेवा. उरलं ते जोडाक्षर, त्यात तीन व्यंजनं आहेत. आधी पोटफोड्या ष, मग ट, मग र. ष चा पाय मोडलेला, ट चा पाय मोडलेला आणि र पूर्ण. पुन्हा सांगतो : ष, ट, र. शेवटचं अक्षर पूर्ण असतं, काना, वेलांटी, मात्रा जे काही लागेल ते त्यालाच लागतं. राष्ट्रीय म्हणताना ई ऐकू येते ती र नंतर. म्हणजे ती दीर्घ वेलांटी र ची आहे, दिसायला ती अख्ख्या जोडाक्षराच्या डोक्यावर असली तरी.

आता चूक कुठे होते? ‘राष्र्ट’ असं लिहिलं जातं. र खाली हवा, तो रफार होऊन ट च्या डोक्यावर चढतो. दिसायला फरक इवलासा, पण रफार म्हणजे पाय मोडलेला र, आणि तो ज्या अक्षरावर बसतो त्याच्या आधी उच्चारायचा असतो. सूर्य मध्ये र आधी, य नंतर, म्हणून रफार य वर. तर ‘राष्र्ट’ कसं वाचायचं? ष, र, ट. असं कोणी बोलतं का? कोणीच नाही.

यावरून मला अमळनेर तालुक्यातल्या एका गावातली गोष्ट आठवते, आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. 1 मे जवळ आला होता. एका भिंतीवर मोठ्या अक्षरात ‘महाराष्ट्र दिन’ रंगवायचं काम चाललं होतं. पेंटर हाताचा फार चांगला. चुन्याच्या दोरीने रेघा मारलेल्या, अक्षरांची जाडी एकसारखी, कुठे ओघळ नाही. मी उभा राहून बघत होतो. आणि त्याने ट काढला, थोडा विचार केला आणि वर रफार दिला.

मी म्हटलं, “भाऊ, र वर कसा गेला?”

तो म्हणाला, “गुरुजी, खाली जागाच नाही. ष ला ट जोडला की ट चं पोट पार खालच्या रेघेला टेकतं. त्याच्याखाली ते दोन पायांचं चिन्ह बसवलं तर ते दुसऱ्या ओळीत घुसतं. र तर आलाच पाहिजे, मग वर दिला. र तो र, वर काय नि खाली काय!”

श्रोतेहो, त्याचं कारण खोटं नव्हतं. पाटीवर ही अडचण खरोखर येते. प्र, क्र, ग्र यांना र जोडताना नुसती तिरपी रेघ दिली की झालं. पण ट आणि ड ला सरळ दांडी नाही, म्हणून त्यांच्या खाली टोपीसारखं दोन पायांचं चिन्ह द्यावं लागतं, आणि त्याला उंची लागते. घाईत जागा कमी पडली की र वर जातो. बऱ्याच पाट्यांवरच्या चुकीचं मूळ अज्ञानात नसून जागेत आहे, असं माझं मत आहे.

मी त्याला नियम सांगायला लागलो, तेवढ्यात शेजारच्या घरातली म्हातारी माय त्याच्यासाठी चहा घेऊन आली. तिला वाचता येत नव्हतं. तिने विचारलं, “काय लिखेल शे, भाऊ?” पेंटर म्हणाला, “महाराष्ट्र दिन, माय.” ती म्हणाली, “महाराष्टर दिन? चांगलं शे.”

मी पेंटरला म्हटलं, “ऐकलंस? मायने काय म्हटलं, ते हळू म्हण बघू.” तो म्हणाला, “महा, राष, टर.” मग थांबून पुन्हा म्हणाला, “ष... ट... र.” आणि भिंतीकडे बघून म्हणाला, “र तर ट च्या मागून आला, गुरुजी!”

मायने जोडाक्षर मोडून बोललं, पण क्रम मोडला नाही. ट आणि र मध्ये तिने एक अ घातला, एवढंच. आपल्याकडे घरोघरी मंतर, शास्तर असंच म्हणतात. मंतर म्हटलं की न, त, र सुटे ऐकू येतात. शास्तर म्हटलं की स, त, र. वर्गात मुलं अहिराणीत बोलली की त्यांना गप्प करणारे काही लोक मी पाहिलेत, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. घरातली बोली पोराच्या शुद्धलेखनाच्या आड येत नाही. इथे तर तीच त्याला अक्षरांचा क्रम सांगते.

तर पेंटरने रंग ओला होता तोवर टर्पेंटाइनच्या चिंधीने रफार पुसला, ट सुद्धा पुसला. मग ष जरा बुटका केला, ट चं पोट आवळून वर घेतलं आणि खाली जी बोटभर जागा निघाली, तिथे र चे दोन पाय बसवले. म्हणजे जागा होती, फक्त आधीपासून धरून चालायला हवं होतं. असं पुसून नीट करणं भिंतीवरच्या रंगात जमतं. फ्लेक्सवर छापून आलेलं पुसता येत नाही, शिवाय खान्देशातल्या उन्हाने तो एका उन्हाळ्यात फिका पडतो. हाताने रंगवलेल्या पाट्या टिकायला हव्यात, असं मी म्हणतो ते यासाठीसुद्धा.

आता मंत्राकडे येऊ. मंत्र मध्ये तीन व्यंजनं कुठे आहेत? दिसतात दोनच, त आणि र. तिसरा न अनुस्वारात आहे. संस्कृतात ‘मन्त्र’ असा न उघडा लिहितात, मराठीत आपण त्याचा टिंब करतो. त्याचा उच्चार म नंतर आणि त च्या आधी, म्हणून टिंब म वरच. तो त्र वर सरकला की ‘मत्रं’ होतं आणि क्रम बिघडतो. पुन्हा सांगतो : टिंब म वर, मग त, मग र. स्वातंत्र्य मध्ये तर त्याच्याही पुढे य आहे. न, त, र, य. घाईत तो य गळतो आणि ‘स्वातंत्र’ उरतं.

राष्ट्र मध्ये पोटफोड्या ष आणि शास्त्र मध्ये साधा स का, असंही मुलं विचारतात. ट म्हणताना जीभ टाळूकडे वळते, त म्हणताना दातांशी जाते. आधीचं अक्षर त्याच जागेचं येतं. ट च्या आधी ष : राष्ट्र, उष्ट्र. त च्या आधी स : शास्त्र, वस्त्र, स्त्री. हे संस्कृतातून आलेल्या शब्दांचं झालं. पोस्ट, स्टेशन, स्ट्राइक हे बाहेरून आलेले, त्यांत स च लिहायचा.

संगणकावर किंवा मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करतानाही हाच क्रम : ष, पायमोड, ट, पायमोड, र. बोलता तसं टाइप करा, चिन्ह खाली बसवायचं काम फॉन्ट करतो. जुन्या टाइपरायटरवर हात बसलेल्यांची मात्र पंचाईत होते, कारण तिथे अक्षर आधी आणि त्याच्यावरचा रफार नंतर मारायची सवय असते. र चुकीच्या जागी गेला, तर नंतर कागदपत्रांत ‘राष्ट्र’ शोधताना तो शब्द सापडतही नाही.

तो पेंटर मला पुढे अमळनेरच्या बाजारात भेटला. म्हणाला, “गुरुजी, आर्द्र लिहायला सांगितलंय. त्यात र वर आहे का खाली?” मी म्हटलं, “तूच हळू म्हण.” तो म्हणाला, “आ... र... द... र. म्हणजे दोन्हीकडे!” बरोबर. एक र द च्या आधी, तो रफार होऊन वर. एक र द च्या नंतर, तो खाली. तुम्हीही घरी आर्द्र लिहून बघा, आणि मग मुलांना स्त्रिया लिहायला सांगा. त्यात ऱ्हस्व वेलांटी स च्याही आधी काढावी लागते, आणि ऐकू येते ती र नंतर. नमस्कार.