कापलं, खोडलं की झाकलं?

(दृश्य: टेबलावर मोठा प्रिंट. एल आकाराचे दोन काळे पुठ्ठे, त्यांच्यामधली चौकट हळूहळू लहान होत जाते.)

फोटोग्राफी क्लबचा तास सुरू झालाय पण लॅपटॉप अजून बंदच आहे. मॅडमनी आधी हे दोन पुठ्ठे काढले. प्रिंटवर ठेवायचे, आतबाहेर सरकवायचे, बस. फोटो लांब उडीचा आहे, मुलगी हवेत, पाय पुढे, हात मागे, ऊन तिच्या पाठीमागून आलंय त्यामुळे चेहरा काळवंडलाय. डाव्या कडेला एक कचऱ्याचा डबा आणि डोक्याच्या बरोब्बर मागून वर गेलेला एक खांब, असं वाटतं मुलीला शिंगच फुटलंय.

म्हणजे एका फोटोत तीन अडचणी. डबा, खांब आणि काळा चेहरा. मुलांचं तिन्हीवर एकच उत्तर तयार होतं, "मॅडम, एडिट करू ना." आजचा सगळा तास त्या "एडिट"चे तीन तुकडे करण्यात गेला.

(दृश्य: पुठ्ठा डावीकडून आत सरकतो, डबा दिसेनासा होतो.)

डबा पहिल्या मिनिटात गेला. हा क्रॉप. चौकट आत घेतली, बाहेर राहिलं ते गेलं, आत राहिलेल्या एकाही पिक्सेलला हात लागलेला नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता लॅपटॉप उघडतो. मूळ फोटो 6000 बाय 4000 पिक्सेलचा, म्हणजे 24 मेगापिक्सेल. डबा घालवायला डावीकडून 600 पिक्सेल कापले, आकाराचं प्रमाण तेच ठेवायचं म्हणून वरूनही 400 गेले, उरले 5400 बाय 3600. इंचाला 300 पिक्सेल धरले तर आधी 20 इंच रुंद प्रिंट निघत होता, आता 18 इंच. काही बिघडलं नाही.

मग मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणतो, "मॅडम, नुसता चेहराच घेऊया की." घेतला. 1500 बाय 1000. प्रिंट 5 इंच रुंद. तो मुलगा स्क्रीनच्या अगदी जवळ येऊन बघतोय, कारण आता तेच स्क्रीनभर मोठं केल्यावर गालावर फोटोचे बारीक दाणे दिसायला लागलेत. ताणून मोठं करता येतं पण नवा तपशील कुठून येणार, कॅमेऱ्याने टिपलेले पिक्सेलच तेवढे आहेत.

(दृश्य: खोडरबराचं टूल. खांबावरून फिरतं, मागे पांढराफटक पट्टा उमटतो. मुलांचा हशा.)

खांब मात्र क्रॉपने जात नाही. तो मधोमध आहे, त्याला कापायचं तर मुलीचं डोकंही जाईल. मग एक मुलगी पुढे येते, खोडरबर निवडते, फिरवते, आणि खांबाच्या जागी हा पांढरा पट्टा. "मॅडम, हा कुठून आला?"

प्रश्न चांगला आहे आणि उत्तर बहुतेक जणांना माहीत नसतं. क्लबच्या लॅपटॉपवर गिंप आहे, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. त्यात फोटो एकावर एक थरांत ठेवता येतात, त्या थराला लेयर म्हणतात, आणि कॅमेऱ्याचा जेपेग फोटो उघडला की त्याच्या लेयरला पारदर्शक व्हायची सोयच नसते, म्हणून खोडरबर पुसत नाही, बॅकग्राउंडचा जो रंग निवडलेला असेल तो रंगवतो, बहुतेक वेळा पांढरा. मॅडमनी Add Alpha Channel केलं, म्हणजे पारदर्शक व्हायची सोय दिली, परत खोडलं, आता पांढऱ्याऐवजी राखाडी चौकटींची जाळी दिसली. ती जाळी फोटोत नसते बरं का, इथे काहीच उरलं नाही हे सांगायची ती खूण आहे. आणि हाच फोटो परत जेपेग करून ठेवला तर ते भोकही भरलं जातं, कारण जेपेगमध्ये पारदर्शक असा प्रकारच नसतो.

(जाता जाता, गिंपमध्ये खोडलेल्या पिक्सेलचा मूळ रंग कधीकधी आतच राहिलेला असतो आणि खोडरबराच्याच Anti erase पर्यायाने तो परत आणताही येतो. पण जेपेग करून फाईल बंद केली की खेळ खलास, अनडूसुद्धा ती फाईल बंद होईपर्यंतच सोबत असतो.)

म्हणजे खोडलं की भोक पडतं आणि भोक भरावं लागतं. इथून खरी गंमत. क्लोन टूलने शेजारचं आकाश उचललं आणि खांबाच्या जागी आणून टाकलं. लांबून बघा, खांब नव्हताच! आता जवळून बघा.

(दृश्य: आकाश चारपट मोठं केलेलं. ढगाचा एकच छोटा कोपरा दोनदा दिसतो.)

हा ढगाचा कोपरा, आणि हा, डिट्टो तोच. खोडून भरलेला फोटो पकडायचा तर आधी अशा जुळ्या खुणा शोधायच्या. दुसरं म्हणजे दाणे. सगळ्या आकाशात बारीक दाणे आहेत आणि हा एवढाच पट्टा गुळगुळीत, कारण इथे मऊ कडेचा ब्रश परत परत फिरला. तिसरी जागा केसांची, खांब केसांना टेकत होता तिथली चारदोन केसांची टोकं खांबासोबत गेलीत आणि डोक्याची कड कात्रीने कापल्यासारखी दिसतेय.

(दृश्य: फळा. मॅडम मोठा आयत काढतात, त्याच्या आत एक लहान आयत, आणि लहान आयतात एक छोटा ठिपका.)

हे फळ्यावरचं चित्र एका खऱ्या फोटोचं आहे. 2010 ची वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धा, बातमीच्या फोटोंची. स्टेपान रुडिक या फोटोग्राफरची कीव्हमधल्या रस्त्यावरच्या मारामारीची मालिका, त्यातला एक फोटो हाताला पट्टी बांधतानाचा. मोठा आयत म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली पूर्ण फ्रेम, रंगीत, बरीच माणसं असलेली. लहान आयत म्हणजे त्याने पाठवलेला भाग, चांगलाच घट्ट क्रॉप केलेला आणि वर ब्लॅक अँड व्हाइट केलेला. आणि हा ठिपका म्हणजे मागे उभ्या असलेल्या माणसाचा पाय, त्याचा छोटासा तुकडा हातापाशी डोकावत होता, तो त्याने पुसला.

फ्रेमचा एवढा मोठा भाग कापला त्याला हरकत नव्हती. मालिकेला बक्षीस मिळालं होतं, पण ठिपक्याएवढा पाय पुसला म्हणून ती नंतर बाद झाली.

मुलं गप्प. मग एकजण हळूच, "पण मॅडम, कापलेलं तर जास्त होतं ना?" हो, जास्तच होतं. पण क्रॉपमध्ये चौकटीच्या आत जे दिसतं ते कॅमेऱ्यासमोर होतं, आणि पाय पुसल्यावर तिथे जे दिसतं ते फोटोग्राफरने बसवलेलं असतं. बातमीच्या फोटोत ही रेघ पाळतात. क्रॉप फसवू शकत नाही असं नाही, शेजारचा माणूस कापून सगळा प्रसंगच फिरवता येतो, पण ती फसवणूक वेगळी आणि पकडायची पद्धतही वेगळी. आपल्या उडीच्या फोटोत मग खांब राहिला, तो तसाच ठेवायचा ठरलं.

(दृश्य: दोन लेयर. खालचा चेहरा काळा, वरचा फोटो उजळ. शेजारी काळा चौकोन.)

आता चेहरा. खरं सांगायचं तर हा व्हिडिओ आम्ही या भागासाठीच केलाय.

आधी अख्खा फोटो उजळला, चेहरा छान दिसला पण आकाश पांढरं पडलं. म्हणून मॅडमनी लेयरची कॉपी केली, वरची कॉपी उजळली आणि तिला मास्क लावला, Add Layer Mask, पर्याय काळा. वरचा उजळ फोटो गायब झाला! गेला नाही, झाकला गेला. मास्क म्हणजे लेयरला चिकटलेला एक वेगळा काळापांढरा फोटो. तो पांढरा असतो तिथे वरचा लेयर दिसतो, काळा असतो तिथे दडतो, राखाडी असतो तिथे अर्धवट दिसतो.

आकड्यात बघू, 0 म्हणजे काळा, 255 म्हणजे पांढरा. गालाचा एक पिक्सेल खाली 50 आहे आणि उजळ कॉपीत तोच 120. मास्क काळा तर 50 दिसणार, पांढरा तर 120, मधला राखाडी, म्हणजे 255 पैकी साधारण 128, असेल तर साध्या सरासरीने दोघांच्या मधोमध 85. बाकी जादू काही नाही, प्रत्येक पिक्सेलला एवढंच गणित.

(दृश्य: मऊ पांढरा ब्रश चेहऱ्यावरून फिरतो, एकदा, दोनदा, तीनदा.)

ब्रश मऊ, रंग पांढरा, अपारदर्शकता 30 टक्के. पहिला हात फिरवला, चेहरा 30 टक्के उजळ. ब्रश उचलून दुसरा हात, आता 60 नाही, 51. कारण उरलेल्या 70 टक्क्यांतले 30 टक्के मिळतात. तिसऱ्याला जेमतेम 66. म्हणून असा ब्रश हळू चढतो आणि कुठे थांबायचं ते डोळ्याला कळतं. एकदम 100 टक्क्याने मारलं तर फोटोतला चेहरा चिकटवल्यासारखा दिसतो, तोही केला आम्ही, हा बघा.

डार्करूमवाले हेच काम प्रकाश अडवून करायचे. एन्लार्जर म्हणजे निगेटिव्ह मोठं करून कागदावर पाडायचं यंत्र, त्याखाली हात किंवा तारेला लावलेला पुठ्ठ्याचा तुकडा हलवत राहायचे, तेवढा भाग प्रिंटवर उजळ यायचा. फक्त त्यांना अनडू नव्हता.

आणि बघा, ब्रश फिरवणारी मुलगी चुकलीच. ब्रश केसांच्या बाहेर गेला आणि डोक्याभोवती हे पांढरट वलय आलं. खोडरबर असता तर ते केस परत मिळवायची मारामार. इथे रंग काळा केला, तेवढ्यावर फिरवलं, वलय गेलं, खालचं आकाश जसंच्या तसं. Alt दाबून मास्कच्या छोट्या चित्रावर क्लिक केलं की मास्क एकटाच दिसतो, आणि तिथे राहून गेलेले डाग लगेच सापडतात. हा इथे कानाजवळ एक राहिलाय.

वलय राहतं ते बहुतेक ब्रश फार मोठा आणि मऊ असतो म्हणून. उलट कडक ब्रश घेतला तर गालावर चक्क रेघ उमटते. जबड्यापाशी कड स्पष्ट आहे तिथे लहान ब्रश, गालाच्या मध्यावर मोठा, असं बदलत राहावं लागतं, दुसरा मार्ग नाही.

(दृश्य: सेव्ह करायची खिडकी.)

फाईल ठेवताना गिंपची स्वतःची .xcf ठेवायची, त्यात लेयर आणि मास्क दोन्ही शाबूत राहतात, पुढच्या आठवड्यात चेहरा थोडा कमी उजळ हवा वाटला तर तेवढंच बदला. दुसऱ्याला द्यायला जेपेग एक्स्पोर्ट करा, त्यात मास्क संपतो आणि सगळं एकजीव होतं. .xcf देऊ नका, विशेषतः कुणाचा फोन नंबर किंवा पत्ता मास्कने झाकला असेल तर, समोरचा माणूस मास्क बंद करून ते वाचेल. आणि क्रॉप केलं म्हणून निर्धास्त राहू नका, 2023 मध्ये गूगलच्या पिक्सेल फोनमधल्या स्क्रीनशॉट क्रॉप करायच्या टूलमध्ये असा दोष सापडला की लहान झालेली फाईल जुन्या फाईलवरच लिहिली जायची आणि जुनीचं शेपूट तसंच राहायचं, कापलेला भाग काही प्रमाणात परत काढता यायचा.

(दृश्य: दोन प्रिंट शेजारी. मूळ फोटो आणि नवा.)

डबा गेलाय, चेहरा दिसतोय, खांब आहे तिथेच आहे. मागच्या बाकावरचा तो मुलगा अजूनही म्हणतोय, दोन पावलं डावीकडे सरकून काढला असता तर खांबही आला नसता.