रांगेतला आकडा हलतोय का?

लाँचच्या दिवशी गेम उघडत नसला की सगळे एकच वाक्य बोलतात, सर्व्हर डाऊन आहे. बऱ्याचदा तो डाऊन नसतो, भरलेला असतो, आणि हा फरक कळणं महत्त्वाचं आहे कारण त्यावरच ठरतं की तुम्ही तासनतास बसून राहायचं की सरळ झोपायला जायचं.

मी एकच उदाहरण घेतो, फायनल फँटसी १४ या ऑनलाइन गेमचं एंडवॉकर हे एक्सपान्शन. 3 डिसेंबर 2021 ला अर्ली ॲक्सेस सुरू झाला, 7 ला अधिकृत रिलीज, आणि पहिल्या दिवसापासून लोकांना एरर 2002 दिसायला लागला. हा एरर आला की गेमच बंद व्हायचा, पुन्हा चालू करून पुन्हा रांगेत शिरायचं, मग माणसाला वाटणारच ना की पलीकडे सगळं कोसळलंय म्हणून. पण तसं नव्हतं. गेमचे प्रोड्यूसर नाओकी योशिदा यांनी स्वतः खुलासा केला होता की एका लॉजिकल डेटा सेंटरच्या, म्हणजे एकत्र जोडलेल्या वर्ल्डच्या एका गटाच्या, रांगेत 17,000 माणसं झाली की त्यानंतरच्यांना मुद्दाम परत पाठवलं जातं, नाहीतर लॉबी सर्व्हरच पडेल. आता लॉबी म्हणजे काय, तर जिथे तुम्ही कॅरेक्टर निवडता आणि रांगेत थांबता ती जागा, आणि प्रत्यक्ष खेळ चालतो तो वर्ल्ड सर्व्हर वेगळा. म्हणजे दारावर माणसं परत पाठवतायत पण आत खेळ व्यवस्थित चालू आहे, हे एकाच वेळी खरं असू शकतं.

त्याच 2002 चं दुसरं कारणही होतं, रांगेत थांबलेलं असताना तुमचं कनेक्शन मध्येच डळमळणं. कोड एकच, कारणं दोन, मग ओळखायचं कसं? एरर कधी आला ते बघा. रांगेतला नंबर दिसायच्या आधीच आला तर बहुधा रांगच भरलीय. नंबर दिसत होता, चांगला कमी होत होता आणि मग आला, तर वाय-फाय किंवा मधल्या रस्त्यावर संशय घ्या, केबल लावा, आणि मुख्य म्हणजे लगेच परत शिरा, कारण थोड्या वेळात परतलात तर जागा राखलेली असायची, उशीर केला तर शेवटी. हे ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी चिडून अर्ध्या तासाने प्रयत्न केला आणि कित्येक तास घालवले, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे तो नंबर. समजा सातला 4,200 होता आणि सव्वासातला 3,975, म्हणजे 15 मिनिटांत 225, मिनिटाला 15. उरलेले 3,975 भागिले 15, म्हणजे 265 मिनिटं, साधारण साडेचार तास. हिशोब अंदाजेच आहे, कारण वर्ल्ड भरलेलं असतं तेव्हा आतला कोणी बाहेर पडला की बाहेरचा आत जातो, रात्री लोक झोपायला गेले की वेग वाढतो. पण आकडा कमी होतोय म्हणजे सर्व्हर जिवंत आहे, हे नक्की.

आणि खरंच डाऊन असेल तर? आत खेळणाऱ्या मित्राला विचारा, रांगेतल्याला नको, रांगेतल्याला तुमच्याइतकंच दिसतं. आत असलेले सगळे एकाच क्षणी बाहेर फेकले गेले, बहुतेकदा एरर 90000 सह, तर वर्ल्ड सर्व्हर किंवा मधलं नेटवर्क गेलंय. एकटाच मित्र बाहेर पडला तर त्याचं नेट बघायला सांगा.

विंडोजवर पॉवरशेल उघडून हेही करून बघता येतं, हा एथर डेटा सेंटरच्या लॉबीचा पत्ता आहे:

```
Test-NetConnection neolobby02.ffxiv.com -Port 54994
```

`TcpTestSucceeded : True` आलं तर दार उघडं आहे, तुमचा रस्ताही ठीक आहे, पण आत जागा आहे की नाही हे यातून कळत नाही. `False` आलं तर तीच कमांड मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून चालवा, तिथे `True` आलं तर दोष तुमच्या घरच्या लाइनमध्ये. नुसत्या पिंगवर मात्र विसंबू नका, कारण गेमचा प्रोग्रॅम पडलेला असला तरी मशीन पिंगला उत्तर देऊ शकतं.

स्टेटस पेजवरही एक गफलत होते. तिथे वर्ल्डसमोर `Congested` लिहिलेलं बघून लोकांना वाटतं आत्ता गर्दी आहे, पण ते वर्ल्डचं वर्गीकरण आहे, तिथे किती लोक वस्तीला आहेत आणि नवीन कॅरेक्टर बनवता येईल का यासाठीचं. या क्षणाची रांग त्यात दिसत नाही. `Online` आणि `Maintenance` ची खूण वेगळी, ती बघा.

त्या वेळी नवीन सर्व्हर पटकन लावता येत नव्हते कारण जगभर सेमीकंडक्टरचा तुटवडा होता, म्हणून शेवटी डिसेंबरच्या मध्याला डिजिटल विक्री आणि फ्री ट्रायल दोन्ही थांबवली आणि विक्री पुन्हा सुरू झाली ती 25 जानेवारी 2022 ला. सर्व्हर बंद पडले म्हणून कोणी विक्री थांबवत नाही, ते दुरुस्त करतात. इथे दुरुस्त करण्यासारखं फार कमी होतं, माणसंच जागेपेक्षा जास्त होती.