फेटा काढून गांधी टोपी घालताना कान आणि केस कसे जपायचे?

नमस्कार मंडळी! गेल्या व्हिडिओखाली बहुतेकांनी एकच गोष्ट विचारली आहे: घरातल्या आजोबांचा चांगला फोटो एकच, तोही कुणाच्या तरी लग्नातला, डोक्यावर फेटा. भिंतीवर लावायला मात्र नेहमीची पांढरी टोपी हवी. तर आज तेच करू, फोटोशॉपमध्ये.

सुरुवातीचं काम तुम्हाला येतंच. Ctrl+J ने फोटोची प्रत काढा, टोपीचा फोटो त्याच कोनातला आणि उजेड त्याच बाजूचा घ्या, Pen Tool ने टोपी कापा, फेट्याच्या जागी मागची भिंत Clone Stamp ने भरून घ्या. झालं.

आता खरी अडचण. फेटा मोठा, टोपी लहान. टोपीवर फेटा चढवायचा असेल तर काम सोपं, कारण सगळं झाकलंच जातं. इथे उलट आहे. फेटा काढला की कपाळाचा वरचा भाग, कानशिलावरचे केस आणि कानाचं वरचं टोक उघडं पडतं, आणि या गोष्टी त्या फोटोत नाहीतच! बरेच जण तिथे अंदाजाने केस रंगवतात किंवा दुसऱ्या बाजूचा कान उलटा करून चिकटवतात. कृपा करून हे करू नका. माणसाचे दोन कान सारखे नसतात, शिवाय उलटा केलेल्या कानावर उजेड चुकीच्या बाजूने पडतो.

माझ्याकडे एक काकू असाच तयार फोटो घेऊन आल्या होत्या, दुसरीकडून करून आणलेला. टोपी झकास बसली होती. पण काकू म्हणाल्या, "हे आमचे अण्णा वाटत नाहीत हो." मी अण्णांचा उघड्या डोक्याचा दुसरा फोटो मागवून शेजारी ठेवला. अण्णांच्या कानाची वरची कड थोडी बाहेर वळलेली, आणि नव्या फोटोत कान गुळगुळीत, डोक्याला चिकटलेला. काकूंना नेमकं काय बदललंय ते सांगता येत नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा त्या ओळखत होत्या.

म्हणून गिऱ्हाईकाकडे त्याच माणसाचा दुसरा फोटो मागा, डोकं उघडं असलेला किंवा टोपीतला. आधार कार्डासाठी काढलेला असला तरी चालेल, फक्त चेहऱ्याचा कोन जवळपास तोच हवा. आणि वय जवळचं हवं. वयाबरोबर कान लांबतात, केस मागे सरकतात. चाळिशीतला कान पंचाहत्तरीच्या चेहऱ्यावर बसत नाही.

त्या फोटोतून कान आणि कानशिलाचे केस एकत्रच उचला. माप जुळवायला डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कानाच्या भोकापर्यंतचं अंतर धरा, दोन्ही फोटोंत ते एक झालं की थांबा. रुंदी आणि उंची एकाच प्रमाणात बदला, नाहीतर कान ताणला जातो. मूळ फोटोत कानाची पाळी दिसत असेल तर ती तशीच ठेवा, फक्त वरचा भाग नवा जोडा.

लेयरचा क्रम नीट बघा. खाली चेहरा आणि केस, त्यावर टोपी, आणि सगळ्यात वर कानाचं टोक. टोपीची पट्टी कानाच्या वर टेकते, पण जिथे कानाची कड पट्टीला लागते तिथे कान पुढे दिसायला हवा. टोपी बसत नसेल तर Warp टोपीला द्या. कमेंटमध्ये एका दादांनी विचारलंय, "Liquify ने कान थोडा आत ढकलला तर?" नाही दादा. टोपी कापडाची आहे, ती वाकेल. कान आणि केस आहेत तिथेच राहतील.

केसांवर खोडरबर फिरवू नका, लेयर मास्क लावा. टोपीच्या कडेखाली केस संपलेले नसतात, आत गेलेले असतात. म्हणून केसांचा लेयर कडेच्या आतपर्यंत राहू द्या आणि मास्क टोपीलाच लावा. मग बारीक ब्रशने दोन-चार केस कडेवरून बाहेर आणा. पांढऱ्या खादीवर पांढरे केस दिसत नाहीत, त्यामुळे ते फक्त कल्ल्यांच्या बाजूला काढा.

शेवटी सावली. फेट्याची जुनी सावली कपाळावर पट्ट्यासारखी राहते, ती आधी Curves ने उजळून घ्या. ती राहिली तर कपाळावर दोन सावल्या दिसतात आणि तिथेच फोटो पकडला जातो. मग टोपीची नवी सावली Multiply मध्ये टाका. रंग काळा नको, त्वचेचाच गडद तपकिरी घ्या, कडेला दाट आणि खाली विरत जाणारी.

आणि दुसरा फोटो कुठेच मिळाला नाही तर? मग मी घरच्यांना सांगते की टोपीचा हट्ट सोडा, फेटाच राहू द्या. फार तर लग्नातला जरीचा फेटा साधा पांढरा करून देते. तो रंगाचा बदल आहे, त्यात कानाला हात लावावा लागत नाही.