तीन हजारांची जाहिरात आणि सोलापूरची मैफल

(संगीत मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मघाशी चहाच्या वेळी एकांनी विचारलं, "पोस्ट बूस्ट केली, लाइक भरपूर आले, पण खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. असं का?" त्याचं कारण सरळ आहे. लाइक हवेत असं सांगितलं की फेसबुक लाइक देणारी माणसं शोधून काढतं. तिकीट काढणारी माणसं वेगळी असतात. म्हणून बूस्टचं बटण सोडा आणि फेसबुकचं जाहिरातींचं पान, Ads Manager, उघडा. तिथे जाहिरातीचा हेतू म्हणून Engagement निवडा आणि माणूस व्हॉट्सॲपवर येईल अशी सोय करा. जो "दोन तिकिटं आहेत का?" असं विचारतो, तो आपला.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, शनिवारी संध्याकाळी साडेसहाला हुतात्मा स्मृती मंदिरात नाट्यसंगीताची मैफल आहे. तिकीट २०० रुपये, आणि जाहिरातीसाठी मंडळाने ३००० रुपये काढलेत. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे खिशातून ३५४० जाणार. निदान १८ तिकिटं जाहिरातीमुळे खपली तर तिचा खर्च निघाला. विचारणाऱ्या तिघांतला एक तिकीट घेतो असं धरा, म्हणजे ५४ मेसेज हवेत. स्क्रीनवर एका मेसेजचा खर्च दिसतो, तो जीएसटी सोडून असतो. तो ५५ रुपयांच्या आत राहिला पाहिजे. हा एक आकडा कागदावर लिहून ठेवा, बाकीच्या आकड्यांकडे तूर्त पाहू नका.

प्रेक्षक निवडताना बहुतेकांचा हात सैल सुटतो. पुणे, मुंबई, 'सगळा महाराष्ट्र'! शनिवारी साडेसहाला कोथरूडहून कोण येणार आहे? सोलापूर शहर नावाने निवडलं तर भोवतीचा परीघ साधारण १७ किलोमीटरच्या खाली नेता येत नाही. तो चालेल. पण नकाशावर सभागृहापाशी पिन टाकली तर परीघ आपल्याला हवा तेवढा धरता येतो. मी १२ किलोमीटर धरीन. जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड सगळं त्यात येतं. पंढरपूर, बार्शी सोडून द्या, रात्री परतायचा प्रश्न असतो.

वय पस्तीसच्या पुढे, आणि आवडीनिवडींची चाळणी जवळजवळ नकोच. आधीच छोटं शहर, त्यात 'शास्त्रीय संगीत' वगैरे चार अटी लावल्या की माणसंच उरत नाहीत आणि दर चढतो. आणखी एक, भाषेच्या रकान्यात 'मराठी' निवडू नका. घरी मराठी बोलणारे कितीतरी जण फोन इंग्रजीत ठेवतात. शिवाय आपल्याकडे घरी कन्नड किंवा तेलुगू बोलणारा माणूसही नाट्यगीताला डोलतो. त्याला बाहेर का ठेवायचं?

आता पैसे. महिनाभर रोज शंभर खर्चण्यापेक्षा शेवटच्या आठ दिवसांत सगळे घाला. रोजचं बजेट न लावता एकूण बजेट लावा आणि शेवटची वेळ शनिवारी दुपारी तीनची टाका, नाहीतर गाणं संपल्यावरही जाहिरात चालू राहायची! तपासणी बहुधा एका दिवसात होते, पण दोन दिवस हाताशी ठेवा. आणि ३००० चे चार तुकडे करून चार वेगवेगळ्या गटांना दाखवू नका. जाहिरात कुणाला दाखवायची हे फेसबुकच्या यंत्रणेला शिकायलाच मेसेज पुरत नाहीत.

चित्राबद्दल थोडं कडक बोलतो. दीपप्रज्वलनाचा फोटो, सत्काराची शाल आणि खाली अकरा प्रायोजकांची नावं, हे फोनवर कुणी वाचत नाही. गाताना गायिकेचा चेहरा, जवळून, एवढं पुरे. उभं चित्र, १०८० बाय १३५०. स्टोरीसाठी १०८० बाय १९२०, त्यात वरचा आणि खालचा भाग मोकळा ठेवा, तिथे ॲपची बटणं येतात. तयार चित्र स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून हातभर अंतरावरून बघा. तारीख वाचता आली नाही तर अक्षर मोठं करा. आणि इन्स्टाग्रामच्या लायब्ररीतलं फिल्मी गाणं लावलेलं रील बूस्ट होत नाही. आपल्याच तालमीचा आवाज वापरा.

मजकुरात साधारण पहिली सव्वाशे अक्षरंच दिसतात, पुढचं 'आणखी पहा'च्या आड जातं. "सालाबादप्रमाणे यंदाही आमच्या मंडळाच्या वतीने समस्त रसिकांसाठी" एवढ्यातच निम्मी जागा संपली. त्याऐवजी असं लिहा: "शनिवारी सायं. ६.३०, हुतात्मा स्मृती मंदिर. दोन तास नाट्यसंगीत. तिकीट ₹२००. जागेसाठी मेसेज करा." दर लिहायला लाजू नका. तो नसला की नुसते "किती?" असे मेसेज येतात आणि आकडा ऐकून माणूस गप्प होतो.

दोन दिवस काही बदलू नका. मग बघा. लोक जाहिरातीवर दाबतच नसतील तर चित्र बदला. मेसेज येतात पण तिकीट घेत नाहीत, तर पहिली ओळ किंवा आपलं उत्तर तपासा. बरेचदा गडबड उत्तरात असते. रात्री दहाला आलेल्या मेसेजला सकाळी अकराला "नमस्कार" एवढंच गेलं, तर त्याने तोवर दुसरा बेत ठरवलेला असतो. त्यामुळे त्या आठ दिवसांत मंडळाचा फोन कुणाकडे राहणार, ते पैसे भरण्याआधी ठरवा. आणि तिकिटं संपली की त्याच माणसाने जाहिरात थांबवायची. उरलेल्या पैशांतून पुढच्या मैफलीचं बघू.